टेकूला हात नसतात

सुनावणीची वेळ अकराची होती. सव्वाबारा वाजले तरी अध्यक्षांचा पत्ता नव्हता. मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बसून गुडघा चोळत होते. लिफ्ट बंद होती आणि लिफ्ट बंद असल्याची पाटी लिफ्टच्या आत लावलेली होती. अशा इमारतीत न्याय मिळायचा म्हणजे नशीबच लागतं.

वर्ष-दीड वर्षात मी निवृत्त होणार. एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातली सव्वीस वर्षं मंडळाचे पेपर तपासले. या सगळ्यात मी एकदाही सुनावणीला आले नव्हते. आज आले होते आणि तेही स्वतःच्याच कर्तबगारीमुळे, कारण तक्रार माझीच होती.

झालं होतं असं. तपासणीचा अठरावा दिवस होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एका हॉलमध्ये आम्ही चाळीस जण लाल पेनं घेऊन बसलेलो. अठराव्या दिवशी माणूस वाचत नाही, नुसता बघतो. ठरलेल्या जागी ठरलेलं दिसलं की टिक, नाही दिसलं की शून्य. त्या दिवशी एका शाळेचा गठ्ठा माझ्याकडे आला. एकतीस उत्तरपत्रिका. नववा प्रश्न तीन गुणांचा, दर दोन वर्षांनी येणारा: एक गुळगुळीत पाचर, डावीकडे उभी भिंत, उजवीकडे उतरत जाणारा उतार. उतारावर ठोकळा. पाचरीला डावीकडून ढकललं, तर ती किती त्वरणाने जायला हवी म्हणजे ठोकळा पाचरीवर जागच्या जागी राहील? उतारावर जराही घर्षण नाही. हळू ढकललं तर ठोकळा खाली घसरतो, जास्त जोरात ढकललं तर वर चढतो. मधलं एकच त्वरण असं आहे की तो ना घसरतो ना चढतो. ते त्वरण म्हणजे जी गुणिले टॅन थीटा. जी हे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, थीटा हा उताराचा कोन.

आम्हाला दिलेल्या आदर्श उत्तरात तीन टप्पे होते. पाचरीवर बसून बघतोय असं समजायचं, मग ठोकळ्याला मागे रेटणारं एक आभासी बल मानायचं, आणि ते आकृतीत दाखवायचं: एक गुण. उताराच्या दिशेने त्या बलाचा आणि वजनाचा घटक सारखा लिहायचा: दुसरा गुण. उत्तर: तिसरा. मी एकतीस वर्षं हेच शिकवलंय. झोपेतून उठवून विचारलं तरी डोळे न उघडता आकृती काढून दाखवीन.

त्या गठ्ठ्यातल्या पहिल्या उत्तरपत्रिकेत आभासी बल नव्हतंच. एक ओळ होती: ‘टेकूला उतारावर काम नाही, म्हणून जी साइन थीटा बरोबर ए कॉस थीटा, म्हणून ए बरोबर जी टॅन थीटा.’ मी उत्तराचा एक गुण दिला आणि पुढे गेले. दुसऱ्या उत्तरपत्रिकेत तीच ओळ. तिसऱ्यातही. दहाव्यात आले तेव्हा झोप उडाली. एकतीसच्या एकतीस उत्तरपत्रिकांत तीच ओळ, आणि तोच शब्द, टेकू! हा शब्द पाठ्यपुस्तकात नाही, मार्गदर्शकात नाही, कुठल्याही खासगी वर्गाच्या नोट्समध्ये नाही. कुणीतरी बाहेरून चिठ्ठी पाठवली आणि सगळ्या वर्गाने ती उतरवली, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. मी सगळ्यांना एकेक गुण दिला, वर ‘सामूहिक कॉपीचा संशय’ असा शेरा मारला आणि चहा प्यायला गेले. चहा छान होता, तेही आठवतंय. दीड महिन्यानंतर त्या एकतीस जणांचे निकाल अजून अडकलेले होते.

साडेबाराला अध्यक्ष आले. गोल, घामेजलेले, कपाळावर कायमची आठी. ते मुळात इतिहासाचे, आता फक्त फायलींचे. मागोमाग लिपिक आला, हातात यादी. मग शाळेचे शिक्षक आले. मला वाटलं होतं कुणीतरी तेल लावलेला पैलवान असेल, वशिले घेऊन येईल. आले ते एक किडकिडीत, पंचेचाळिशीचे गृहस्थ. शर्टाच्या खिशाला निळ्या शाईचा जुना डाग. खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बोला सर," अध्यक्ष म्हणाले. "एकतीस पोरांना एकाच वेळी एकच साक्षात्कार कसा झाला?"

"साक्षात्कार नाही साहेब. मी शिकवलं."

"पुस्तकात नाही ते?"

"पुस्तकातलं माझ्या पोरांच्या डोक्यात शिरत नव्हतं," शिक्षक म्हणाले. "आभासी बल म्हटलं की ती विचारायची, सर, जे नाहीच ते का काढायचं? मी तीन वर्षं समजावून दमलो. मग म्हटलं, नको. जमिनीवर उभं राहूनच बघू. ठोकळ्यावर दोनच बलं. एक वजन, दुसरा पाचरीचा टेकू."

"म्हणजे अभिलंब प्रतिक्रिया," मी म्हणाले.

"हो बाई, तेच. पण अभिलंब प्रतिक्रिया म्हटलं की माझी अर्धी पोरं खिडकीबाहेर बघतात. टेकू म्हटलं की कळतं. टेकू उताराला काटकोनात असतो, म्हणजे उताराच्या दिशेने त्याचं काही चालत नाही. त्या दिशेला उरलं फक्त वजन, त्याचं त्वरण जी साइन थीटा. आणि ठोकळा पाचरीसोबत आडवा निघालाय ए त्वरणाने, त्याचा उताराच्या दिशेचा हिस्सा ए कॉस थीटा. दोन्ही एकच. झालं."

 अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. इतिहासाच्या माणसाला साइन-कॉस म्हणजे परका मुलूख, त्यांचा सगळा भरवसा माझ्या मानेवर होता: हलली तर हो, नाही हलली तर नाही.

"बरोबर आहे का हे?"

 बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हतं, माझ्यापेक्षा सुटसुटीत होतं. मी एकतीस वर्षं पोरांना पाचरीवर बसवून जे नाही ते मानायला लावत होते आणि हा गृहस्थ खाली उभा राहून एका ओळीत मोकळा झाला होता. तपासताना ती ओळ मी दोन मिनिटं वाचली असती तरी मला हे दिसलं असतं. मी वाचलीच नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणाले. आणि लगेच, जणू कुणीतरी मला चिमटा काढला, म्हणून पुढे बोलले, "पण बरोबर उत्तरही कॉपी करता येतं."

"ते आहेच," अध्यक्ष म्हणाले आणि खूश झाले.

शिक्षकांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला. "यात बघा साहेब, वर्षभराच्या वह्या. टेकू सगळीकडे आहे."

अध्यक्षांनी वह्यांना हातही लावला नाही. "वह्या काय, कालही लिहून होतात. मी वीस वर्षं हेच बघतोय. मुलगी आणलीय ना? यादीतला अकरावा नंबर काढला होता मी. तिला विचारू. तिला आलं तर एकतीस सुटले, नाही आलं तर एकतीस अडकले. सगळ्यांना विचारत बसलो तर इथेच अंथरूण घालावं लागेल."

"आणि साहेब," लिपिक यादीवरून मान वर न करता म्हणाला, "कॉपी सिद्ध झाली तर पूर्ण पेपर रद्द. एक वर्ष गेलं सगळ्यांचं."

शिक्षकांचा चेहरा बघवत नव्हता.  वह्या एकेक करून पुन्हा पिशवीत ठेवत होते, कोपरे जुळवत होते.

मुलगी आत आली. लहानखुरी, दोन वेण्या, पायात मोठ्या बहिणीचे असावेत तसे सैल बूट. बाहेर तिची आई उभी होती, दार लावून घेईपर्यंत तिचा अर्धा चेहरा दिसत राहिला. मुलीने सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते, तेव्हा तिनेही जमिनीकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही विचारा," अध्यक्ष म्हणाले. "तोच प्रश्न नको, तो तिने आता शंभर वेळा केला असेल. थोडा फिरवून. आणि मला आधी उत्तर सांगून ठेवा, म्हणजे मला टिपता येईल."

एक फिरता फळा शिपायाने आणून ठेवला होता. मी उठले. गुडघ्याने कुरकुर केली. फिरवून म्हणजे काय करावं, याचा मी क्षणभर विचार केला. सोपं होतं. पाचर उलटी काढायची, आरशात बघितल्यासारखी. उभी भिंत उजवीकडे, उतार डावीकडे उतरणारा. कोन तीस अंश द्यायचा. पाठ केलेलं असेल तर पोर गोंधळेल, समजलेलं असेल तर जी टॅन तीस काढेल, म्हणजे सुमारे पाच पूर्णांक सहासष्ट मीटर प्रति सेकंद वर्ग. मी अध्यक्षांच्या कानात आकडा सांगितला, त्यांनी तो कागदावर लिहून त्याच्याभोवती गोल काढला.

मग आकृती काढली. पाचर, ठोकळा, तीस अंशांचा कोन, बाण. हात आपोआप चालला. दमलेल्या माणसाचे हात डोक्यापेक्षा इमानदार असतात, जे कायम केलं तेच करतात.

"हा ठोकळा पाचरीवर जागचा हलू नये," मी म्हणाले, "म्हणून पाचर किती त्वरणाने ढकलायची? बाणाच्या दिशेने. पृष्ठभाग गुळगुळीत. आकडा काढून दे."

मुलगी फळ्यासमोर उभी राहिली. तिने खडू घेतला. पाच सेकंद गेले, दहा गेले. तिने खडू फळ्याला टेकवला आणि उचलला. परत टेकवला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग परत फळ्याकडे. अर्धं मिनिट एखाद्या खोलीत इतकं लांब होऊ शकतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. शिक्षक पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. पंखा उगाच आवाज करत होता.

"येतंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही राहणार," मुलगी म्हणाली. इतकी हळू, की लिपिकाने "काय?" म्हटलं.

"ठोकळा राहणार नाही. कितीही ढकलली तरी."

"उत्तर आकड्यात हवंय," अध्यक्ष म्हणाले.

"आकडा नाहीये साहेब."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि लिहायला घेतलं. मला वरून वाचता येत होतं: ‘उत्तर देता आले नाही.’ खरं सांगते, मला त्या क्षणी हायसं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी हायसं. माझा शेरा खरा ठरला, आता सही करायची, खाली उतरायचं, घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे. सर मात्र खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"साहेब, तिला सांगू तर द्या! का राहणार नाही ते तरी विचारा!"

"अहो सर, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"सांग गं," मी म्हणाले. का म्हणाले देव जाणे. बहुतेक सवयीने. वर्गात पोरगं चुकलं की मी कायम म्हणते, सांग, कसं केलंस.

मुलीने खडूने ठोकळ्यावर एक रेघ काढली. उताराला काटकोनात, वर आणि डावीकडे जाणारी.

"हा टेकू. टेकू ठोकळ्याला वर धरतो आणि या बाजूला रेटतो." तिने डावीकडे हात दाखवला. "पण बाण आहे त्या बाजूला." उजवीकडे. "पाचर उजवीकडे चालली, तर तिच्यासोबत राहायला ठोकळ्यालाही उजवीकडे जायला पाहिजे. उजवीकडे कोण नेणार त्याला? वजन खाली ओढतं. टेकू डावीकडे रेटतो. टेकूला हात नसतात, बाई. तो ढकलू शकतो, ओढू शकत नाही."

मी फळ्याकडे बघितलं.

उभी भिंत उजवीकडे होती. बाण डावीकडून, उताराच्या पातळ टोकाला लागून, उजवीकडे निघाला होता. पाचर मी उलटी केली होती आणि बाण नेहमीसारखाच काढला होता, एकतीस वर्षं काढते तसा, डावीकडून उजवीकडे. पाचर फिरवली, हात फिरला नाही. या आकृतीत ठोकळा राहणं शक्यच नव्हतं. पाच पूर्णांक सहासष्ट हे साफ चुकीचं उत्तर होतं आणि ते अध्यक्षांच्या कागदावर गोलात बसलेलं होतं.

माझे कान गरम झाले. इतकी लाज मला नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

"थांबा साहेब," मी म्हणाले. "खोडा ते."

"काय खोडू?"

"ते ‘देता आले नाही’ लिहिलंय ते. एक मिनिट थांबा." मी मुलीकडे वळले. मला खात्री हवी होती, किंवा मला अजून थोडा वेळ हवा होता, काय ते सांगता येत नाही. "बरं, ठोकळा राहणार नाही. खाली घसरेल. पाचर अजून जोरात ढकलली, अजून जोरात ढकलली, तर?"

हे कुठल्याही पेपरात येत नाही. हे कुणी चिठ्ठीवर पाठवत नाही.

मुलगी आता घाबरलेली नव्हती. तिला प्रश्न आवडला होता, ते तिच्या मानेवरून कळलं. "मग पाचर खालून निघूनच जाईल. टेकू उरणार नाही. ठोकळा नुसता खाली पडेल, सरळ."

"किती त्वरणाला?"

तिने फळ्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं, बोटाने पुसलं, परत लिहिलं. "पाचर जेवढी पुढे जाईल, त्याच्या टॅन तीसपट उतार ठोकळ्याखाली खचेल. ते खचणं ठोकळ्याच्या पडण्याएवढं झालं की सुटलं. म्हणजे जी भागिले टॅन तीस." ओठ हलवत तिने भागाकार केला. "सतरा. जवळपास सतरा."

शिक्षक दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते.

"बरोबर," मी म्हणाले. "सतरा. आणि आधीचंही बरोबर. या आकृतीत ठोकळा राहतच नाही. साहेब, आकृती चुकलीय."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. माणूस फायलींचा होता, पण बावळट नव्हता. त्यांनी मुलीला आणि सरांना बाहेर बसायला सांगितलं, लिपिकाला चहा आणायला पाठवलं, आणि दार लागल्यावर माझ्याकडे सरकले.

"मॅडम, चुकलीय म्हणू नका. मुद्दाम काढली म्हणा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तज्ज्ञ. विद्यार्थिनीला पाठांतर आहे की समज, हे बघायला तुम्ही मुद्दाम अशक्य आकृती दिली. तिने ओळखलं. उत्तम! मी हा कागद फाडतो, दुसरा घेतो. लिहितो: संशय रास्त होता, चाचणीनंतर दूर झाला, निकाल सोडावेत. तुम्ही शहाण्या, पोरगी शहाणी, मंडळ शहाणं. कुणाच्या अंगाला काही लागत नाही."

खरं सांगायचं तर सोन्यासारखी सोय होती. मी खुर्चीत टेकले. इतकी दमले होते की हो म्हणायला फक्त मान हलवायची होती, तेवढीही ताकद लागली नसती. निवृत्तीला दीड वर्ष. सेवापुस्तकात एक काळी ओळ नसलेली बरी.

"आणि गुण?" मी विचारलं.

"गुण तुम्ही दिलेत ते. एकेक. संशय रास्त होता म्हटल्यावर तपासणीही रास्तच."

लिपिक चहा घेऊन आला तेव्हा मी त्याची यादी मागितली. एकतीस नावं, पुढे विषयाचे गुण. मी चष्मा पुसून बघितलं. सात जण पासाच्या रेषेखाली एक किंवा दोन गुणांनी होते. नवव्या प्रश्नाचे दोन गुण मी कापले होते. पोरांनी बरोबर लिहिलं होतं आणि मी कापलं होतं, कारण अठरावा दिवस होता आणि आभासी बलाची आकृती जागेवर दिसली नाही.

"साहेब, मी लिहिते," मी म्हणाले.

"काय लिहिता?"

"जे झालं ते."

"अहो, तुमच्यावर चौकशी बसेल. परीक्षेच्या कामावरून नाव काढतील. या वयात कशाला?"

"काढू देत. तसंही गुडघे दुखतात."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला, तो अगदी नाइलाजाने, जसं एखाद्याला कड्याच्या टोकापर्यंत सोडायला यावं आणि तिथून मागे फिरावं. मी लिहिलं: नववा प्रश्न तपासताना माझी चूक झाली. एकतीस उत्तरपत्रिकांतलं उत्तर वेगळ्या पद्धतीने, पण पूर्ण बरोबर आहे, प्रत्येकाला तीन गुण द्यावेत. कॉपीचा माझा शेरा निराधार आहे. आजच्या चाचणीतली आकृती माझ्या हातून चुकीची निघाली, विद्यार्थिनीने ती चूक दाखवली. सही. तारीख. सहीत माझं आडनाव नेहमीपेक्षा वाकडं आलं.

लिहून झाल्यावर काही मोठं ओझं उतरलं वगैरे झालं नाही. उलट एक नवीन ओझं चढलं. सव्वीस वर्षं मी पेपर तपासतेय. टेकूसारखा चमत्कारिक शब्द एकतीस वेळा आला म्हणून हा गठ्ठा माझ्या नजरेत भरला, एवढंच. एखाद्याच पोराने एकट्यानेच एका ओळीत लिहिलं असेल, असे किती गठ्ठे माझ्या हाताखालून गेले असतील? त्या पोरांचेही मी दोन गुण कापले असतील आणि पान उलटलं असेल. त्यांची यादी कुठल्याच लिपिकाकडे नाही. मला रडू येत होतं आणि अध्यक्षांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी थंड झालेला चहा एका दमात प्यायले.

बाहेर आले. पायऱ्यांजवळ बाकावर मुलगी, तिची आई आणि सर बसले होते. तिघं एकदम उभे राहिले. निकाल सुटणार, पूर्ण गुणांसकट, असं मी सांगितलं. आईने माझे हात धरले आणि काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकूही आलं नाही. सर भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. माझे हात धरून आभार मानावेत असं मी काहीही केलेलं नव्हतं, आणि ते त्या बाईला सांगायचं धाडस मला झालं नाही.

जिने उतरायला लागले. मुलगी माझ्यासोबत खाली आली, माझी पिशवी तिने न विचारताच घेतली होती. दोन पायऱ्या उतरून मी थांबायचे, गुडघ्याला हात लावायचे, तीही थांबायची.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही मुद्दामच उलटा बाण काढला होता ना? बघायला?"

आता कुणीही नव्हतं. अध्यक्ष नव्हते, कागद नव्हता. हो म्हटलं असतं तर त्या पोरीच्या मनात मी जन्मभर एक हुशार बाई म्हणून राहिले असते.

"नाही गं," मी म्हणाले. "चुकला माझा. मला जी टॅन तीसच हवं होतं."

 अजून चार पायऱ्या उतरलो.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

"की तुम्हाला जी टॅन तीसच हवंय. साहेबांनी कागदावर आधीच आकडा लिहून गोल काढला होता, त्यावरून वाटलं. पाच पूर्णांक सहासष्ट, मनात काढलं होतं मी ते. खडू टेकवला पण होता."

मी कठड्याला धरून उभी राहिले. ती आकडा लिहिती तर अध्यक्षांनी गोलाशी ताडून बघितलं असतं, मी मान हलवली असती, आणि एकतीस पोरं अर्ध्या मिनिटात सुटली असती. तिला ते माहीत होतं. सर पिशवीच्या बंदाशी खेळत बसलेले तिला दिसत होते, दाराबाहेर आई होती.

"मग का नाही लिहिलंस?" मी विचारलं. 

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी फारच सोपं विचारलंय.

"ठोकळा पडला असता ना, बाई."